आजी-नातीचा मिश्र चेहरा: आधी आकार, मग रंग

«आजीचा फोटो ५०% पारदर्शक करून माझ्यावर ठेवला, तर चार डोळ्यांचं भूत दिसतंय. काय चुकतंय?»

पारदर्शकतेने फक्त रंग मिसळतो, आकार नाही. डोळे जुळवले तरी नाक-ओठ हुकतातच. दोन्ही चेहऱ्यांवर एकाच क्रमाने बिंदू लावा: डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, ओठांची कड, हनुवटी. प्रत्येक जोडीचा मध्यबिंदू काढा, दोन्ही फोटो त्या मधल्या आकारापर्यंत ताणा आणि मगच मिसळा.

मी आई-बाबांचा असा चेहरा केला होता. नौपाड्यातल्या घरी खिडकीशी एकाच खुर्चीत दोघांना आळीपाळीने बसवलं, कारण उजेड दोन बाजूंचा असला की नाकाला दोन सावल्या पडतात. आकार निम्मा-निम्मा ठेवला. कातडीही निम्मी-निम्मी घेतली, तर सुरकुत्या धुऊन निघाल्या आणि चेहरा मेणाचा झाला. शेवटी कातडीचा बारीक पोत ७५% बाबांचा घेतला, तेव्हा जीव आला. तुमच्याकडे तो आजीचा घ्या.

केस, कान आणि मान मात्र एकाच फोटोतून. आईचा अंबाडा आणि बाबांचं टक्कल यांची सरासरी मी काढून पाहिली आहे, ती कुणालाच दाखवलेली नाही.