मदत हवी आहे: पहिलीला जलचक्र शिकवताना 'वाफ' हातांनी कशी दाखवू?

पहिलीचा वर्ग, मुलं सहा वर्षांची. वीस मिनिटांचा जलचक्राचा पाठ बसवतेय. पातेल्यात गरम पाणी (ते मीच हाताळते, मुलं दोन हात लांब), वर स्टीलची ताटली आणि ताटलीत बर्फ. पाचेक मिनिटांत ताटलीखाली थेंब धरतात, जड झाले की टपकतात. सोबत हातवारे आणि मी जुळवलेलं गाणं:

ऊन लागलं, पाणी तापलं,
वर वर जाताना कुणी नाही पाहिलं!
गार झालं, थेंब झालं,
टप टप टप खाली आलं!

पहिल्यांदा केलं तेव्हा एकजण म्हणाला, "बाई, ताटली गळतेय!" बरोबरच होतं त्याचं, बर्फ वितळतच होता. म्हणून दुसऱ्या दिवशी बर्फ कुंकवाच्या पाण्याचा केला. वर लाल पाणी, खाली थेंब स्वच्छ. ती शंका मिटली.

खरी अडचण दुसऱ्या ओळीची आहे. तिथे आम्ही बोटं नाचवत हात वर नेतो. पण तीच बोटं पावसालाही नाचतात, त्यामुळे मुलांना वाटतं की थेंबच उडत वर जातात. पातेल्यावरचा पांढरा धूर म्हणजेच वाफ, असंही ती म्हणतात. तो तर बारीक थेंबांचाच, खरी वाफ दिसत नाही.

मुठी पाठीमागे लपवून हळूहळू उभं राहायचं, असं सुचलंय. पण मग गाण्याचा ठेका तुटतो. कुणी वेगळा हातवारा करून पाहिलाय का? फडक्याने पुसलेली ओली पाटी वाळताना आधी दाखवली, तर सोपं जाईल का?