कारखान्याला इंटर्नशिपचा अर्ज: काम आपण सुचवायचं की मालक सांगेल ते करायचं?

खानापूरची, बी.कॉम. शेवटचं वर्ष
बेळगावच्या उद्यमबागमध्ये व्हॉल्व्ह बॉडीचं मशीनिंग करणारा एक छोटा कारखाना आहे, वीस-पंचवीस माणसं. तिथं दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी अर्ज करायचाय. अर्ज इंग्रजीत आहे, मराठीत सांगायचं तर असा: "माननीय एचआर मॅनेजर, मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षात शिकत असून आपल्या नामांकित संस्थेत शिकण्याची संधी मिळावी. मी मेहनती व प्रामाणिक आहे. मला टॅली, जीएसटी, एक्सेल येतं. कोणतंही काम करायची तयारी आहे." मैत्रीण म्हणते चालेल, दादा म्हणतो असले अर्ज रद्दीत जातात. काय बदलू?

जुना अकौंटंट, उद्यमबाग
दादाचं बरोबर आहे. वीस माणसांच्या कारखान्यात एचआर मॅनेजर नसतो. मालक असतो, एक अकौंटंट, एक स्टोअरवाला. अर्ज मालकाच्या नावाने कर, नाव गेटवर विचारलंस तरी सांगतील.

पण खरी अडचण शेवटच्या वाक्यात आहे. "कोणतंही काम" वाचलं की मालकाला कळतं, हिला काम काय द्यायचं ते आपल्यालाच शोधायला लागणार. त्याला तेवढा वेळ नसतो. म्हणून काम तूच सुचव. अशा कारखान्यात एक काम कायम मागे पडलेलं असतं: जॉब वर्कला बाहेर पाठवलेल्या मालाची चलनं जुळवायचं.

एक उदाहरण घे. चलन ४१ वर ३०० बॉडी प्लेटिंगला कोल्हापूरजवळच्या शिरोलीला गेल्या. परत आल्या २८८, बारा तिकडे राहिल्या. आलेल्यांत १८ ला प्लेटिंग सुटलेलं, म्हणून त्या चलन ५७ वर पुन्हा पाठवल्या. पुढच्या गाडीला शिरोलीवाल्याने १८ आणि राहिलेल्या १२ अशा ३० बॉडी एकदम पाठवल्या आणि कागदावर फक्त ५७ लिहिलं. स्टोअरवाल्याने तसंच चढवलं. आता ५७ वर गेले १८ आणि आले ३०, तर ४१ वर बारा नग अजून बाहेरच. माल सगळा घरात आहे, कागदावर मात्र नाही. पाठवलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं कायदा धरतो, म्हणजे कर आणि वर व्याज. त्यात शिरोलीवाल्याचं बिल आलं ३१८ नगांचं. रीवर्कचे १८ त्याच्याच चुकीचे, त्याचे पैसे कशाला? नगाला २२ रुपये धरले तर ३९६ रुपये होतात. रक्कम छोटी म्हणून कुणी बघत नाही आणि दर महिन्याला जाते.

हे जुळवायला सीए लागत नाही. लागतो निवांतपणा, आणि तोच कारखान्यात कुणाकडे नसतो.

टॅली क्लासवाले सर, शहापूर
अकौंटंटसाहेब फारच खोलात गेले. बी.कॉम.च्या मुलीला हे येणार कुठून? टॅलीमध्ये जॉब वर्कची सोय आहे, मटेरियल आउट आणि मटेरियल इनची नोंद नीट केली तर बाकी नग आपोआप दिसतात. अर्जात "टॅली प्राइममध्ये नोंदी करू शकते" एवढं पुरे. आणि चलनांचं एवढं भय नको, ५० हजारांच्या आतल्या मालाला वाहतुकीचं ई-वे बिलसुद्धा लागत नाही.

जुना अकौंटंट, उद्यमबाग
सर, टॅलीचं मान्य. पण इन करताना ५७ निवडायचं की ४१, हे टॅली सांगत नाही, निवडणारा सांगतो. गोंधळ तिथंच होतो.

आणि ५० हजारांचं तुमचं म्हणणं माल कर्नाटकातच फिरला तर. जॉब वर्कला राज्याबाहेर पाठवलात की मग किंमत पाच हजार असो नाहीतर पाचशे, ई-वे बिल लागतंच. आपल्याकडे निम्मं प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंट कोल्हापूरला जातं. निपाणी ओलांडली की राज्य बदललं. टेम्पोत वीस नग टाकून "एवढ्याला काय होतंय" म्हणणारे भरपूर आहेत, एकदा गाडी अडकली की मग फोन करत सुटतात.

सीमाभागी
मला एक कळत नाही. मालक मराठी, मुलगी मराठी, मग अर्ज इंग्रजीत का? आपणच आपली भाषा सोडली तर इतरांना नावं कशाला ठेवायची?

खानापूरची, बी.कॉम. शेवटचं वर्ष
काका, कॉलेजला अर्जाची प्रत द्यायची आहे, तिथं इंग्रजीच चालतं. मालकांशी फोनवर मराठीतच बोलेन की.

मशीनशॉपवाला
आता मालकाच्या बाजूनं बोलतो, कारण मी मालक आहे. माझ्याकडंही साधारण एवढीच माणसं, काम थोडं वेगळं.

अकौंटंटसाहेबांचा सल्ला ऐकायला चांगला आहे. पण असा अर्ज माझ्याकडं आला तर मी पहिल्यांदा दचकेन. बाहेरची मुलगी माझं चलनबुक मागते! डिलिव्हरी चलनावर मालाची किंमत लिहायला लागते. म्हणजे मी कास्टिंग कितीला घेतो, प्लेटिंग कुणाकडं करतो, सगळं त्यात आलं. दोन महिन्यांनी ती शेजारच्या शेडमध्ये नोकरीला लागली तर? उद्यमबागमध्ये भिंतीला भिंत लागून धंदा आहे बाबांनो. मग वर प्रोजेक्ट रिपोर्ट लिहून कॉलेजात ठेवणार, तो पुढच्या वर्षीचा पोरगा चाळणार.

त्यापेक्षा "कोणतंही काम" परवडलं. मी सांगेन फायली लाव, महिनाभर वागणूक बघेन, मग पुढचं.

चिकोडीचे काका
मशीनशॉपवाल्यांचं पटतं असं नाही. माझा पुतण्या असाच "कोणतंही काम" लिहून एका ठिकाणी गेला. नाव सांगत नाही. दोन महिने झेरॉक्स आणि बँकेत चेक टाकायला पळवला. शेवटी सर्टिफिकेटवर "अकौंट्स विभागात काम केले" असं छापून दिलं. पुढं नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या टू-बीशी कशी ताडून बघतात? पोरगा गप्प. स्टायपेंड तर नव्हताच, उलट बसभाडं घरचं. बाई, स्टायपेंडचं आधी विचारून घे.

मशीनशॉपवाला
काका, झेरॉक्स कुणीतरी काढायलाच लागते. पण होय, दोन महिने तेच करून घेणं बरोबर नाही.

जुना अकौंटंट, उद्यमबाग
मालकांचं भय खरं आहे, पण त्याचं उत्तर अर्जातच देता येतं. मुली, तू दोन गोष्टी लेखी दे. एक, रिपोर्टमध्ये पार्टीचं नाव आणि दर येणार नाहीत, नग तेवढे येतील. दोन, रिपोर्ट कॉलेजला देण्याआधी मालकांना दाखवणार. जुळवणीला दर लागतच नाही. चलन नंबर, तारीख, गेलेले नग, आलेले नग, बस्स. किमतीचा रकाना झाकून दिला तरी काम होतं.

मधला परिच्छेद असा काहीसा लिही:

"आपल्याकडून जॉब वर्कला जाणारा माल आणि परत येणारा माल यांची चलनं नगांनुसार जुळवून, कोणत्या चलनावर किती नग बाकी आहेत आणि ते पाठवून किती महिने झाले, याची यादी मी करून देऊ शकेन. सुरुवात मागच्या तीन महिन्यांपासून आणि एकाच पार्टीपासून करीन. टॅलीमध्ये मला व्हाउचर नोंद आणि लेजर येतं. जीएसटी रिटर्न मी स्वतः भरलेलं नाही."

शेवटचं वाक्य काढू नकोस. "जीएसटी येतं" लिहिलंस की मालक पहिल्या दिवशी विचारणार, आयटीसी-०४ भरलंयस काय? जॉब वर्कला पाठवलेल्या मालाचा तो फॉर्म. उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर सहा महिन्यांनी, नाहीतर वर्षातून एकदा, २५ एप्रिलपर्यंत. तुझी यादी तयार असेल तर त्यातला अर्धा फॉर्म झालाच म्हणून समज. हे अर्जात लिहू नको, भेटीत बोल.

टॅली क्लासवाले सर, शहापूर
ई-वे बिलाचं माझ्या लक्षात नव्हतं, बघतो. पण "मला येत नाही" हे अर्जात कोण लिहितं? माझ्या मुलांना मी असं कधीच लिहू देणार नाही. आधी आत शिरावं, मग शिकावं.

मशीनशॉपवाला
सर, मला ते वाक्य आवडलं. दर सहा महिन्यांनी "सगळं येतं" म्हणणारा एक येतो आणि माझ्या अकौंटंटच्या डोक्याला ताप होतो.

रिपोर्ट दाखवणार म्हणालात तिथं थोडा सैल झालो. तरी चलनबुक पहिल्या दिवशी नाही. आधी स्टोअरचं इनवर्ड रजिस्टर देईन. काय आलं, किती आलं, कधी आलं. त्यात बसून बघू दे.

जुना अकौंटंट, उद्यमबाग
इनवर्ड रजिस्टरमध्ये आमचा चलन नंबर लिहितो कोण मालक? जॉब वर्करचा नंबर असतो, तोही पेन्सिलीनं. त्यावरून ४१ आणि ५७ वेगळे कसे काढणार ती?

मशीनशॉपवाला
माझ्याकडं तरी लिहितात. निदान लिहायला सांगितलंय.

खानापूरची, बी.कॉम. शेवटचं वर्ष
सगळ्यांचं वाचलं. मालकांच्या नावानं करते, "नामांकित" आणि "मेहनती" काढते, मधला परिच्छेद घेते. फक्त "चलनं" ऐवजी "इनवर्ड रजिस्टर आणि आपण द्याल ती चलनं" असं लिहिते, म्हणजे दचकणार नाहीत. रिपोर्टचं पण घालते. दोन शंका राहिल्या. माझा पेपर मध्येच आहे, तेवढे आठ दिवस सुट्टी लागेल, ते अर्जात लिहू की नंतर सांगू? आणि स्टायपेंडचं लिहायचं का? काका विचार म्हणतात, सर गप्प आहेत.

जुना अकौंटंट, उद्यमबाग
पेपरच्या तारखा अर्जातच लिही, कधीपासून कधीपर्यंत येणार त्याच्याच खाली. नंतर सांगितलंस तर आधीच दांडी मारल्यासारखं वाटतं. कॉलेजला हजेरीचा दाखला कुणाच्या सहीचा लागतो तेही लिही, मालकाच्या की सीएच्या.

मशीनशॉपवाला
स्टायपेंड अर्जात नको, भेटीत विचार. मी बसपास आणि दुपारचं जेवण देतो, रोख नाही.

चिकोडीचे काका
का नाही? ३९६ रुपये दर महिन्याला जात होते ते वाचवून देणार की पोरगी.

मशीनशॉपवाला
ते अकौंटंटसाहेबांच्या उदाहरणातले, काका. माझे किती जातात ते अजून कुणी मोजलेलं नाही.