मुलाखतीनंतर कन्सल्टंटला मेसेज: मनातली शंका लिहावी का?

मकरपुऱ्याचा इंजिनिअर: काल वडोदऱ्याजवळ सावलीच्या एका प्लांटमध्ये मेंटेनन्स इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखत झाली. दांडिया बाजारातल्या कन्सल्टंट ताईंनी जुळवून दिली होती. त्यांनी जनरल शिफ्ट सांगितली होती, पण प्लांट हेडनी विचारलं, "तीन शिफ्टमध्ये फिरायला तयार आहात ना?" बाकी बोलणं चांगलं झालं, काम आवडलं. आता ताईंना मेसेज करायचाय. शिफ्टचं लिहू, की "छान झाली, त्यांचं काय म्हणणं ते कळवा" एवढंच पुरे?

राजमहाल रोड: एवढंच पुरे. कन्सल्टंट गोड बोलते म्हणून ती आपली होत नाही. तिला पैसे कंपनी देते, आपण एक पैसाही देत नाही. आज शंका लिहिलीत की ती थेट एचआरच्या कानावर जाईल आणि यादीतल्या पुढच्या माणसाला फोन लागेल. ऑफर हातात येऊ द्या, मग शिफ्ट विचारा. तोवर कंपनीने तुम्हाला निवडलेलं असतं, तेव्हा तुमच्या शब्दाला वजन असतं.

भरतीतला माणूस: मी 14 वर्षं याच धंद्यात होतो, अलकापुरीत बसून हालोल-सावली-वाघोडियाच्या कारखान्यांना माणसं दिली. पैसे कंपनी देते हे खरं, पण ते कधी देते तेही बघा. उमेदवार रुजू झाल्यावरच बिल लागतं, आणि त्यावर बहुतेक वेळा 90 दिवसांची हमी असते. तेवढ्यात माणूस सोडून गेला तर कन्सल्टंटने दुसरा माणूस फुकट द्यायचा, नाहीतर पैसे परत. म्हणजे रात्रपाळीला कंटाळून दोन महिन्यांत निघून जाणारा माणूस तिला नकोच असतो. तुमची शंका आज कळणं तिच्याही फायद्याचं आहे.

मुलाखतीनंतर ती एचआरला फोन करते, तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न येतो, "तुमच्या माणसाचं काय मत? येईल का?" तुमचा मेसेज आलेला नसेल तर तिला "बोलून सांगते" म्हणावं लागतं. तो फोन वाया जातो, आणि एचआरला वाटतं की माणूस थंड आहे. म्हणून मेसेज त्याच दिवशी संध्याकाळी गेलेला बरा. तुमचा राहिलाय, तर आज सकाळीच टाका.

आणि ऑफर येईपर्यंत थांबायचं म्हणाल, तर तोवर एचआरने वरून मंजुरी घेतलेली असते, दुसऱ्या उमेदवाराला थांबवलेलं किंवा सोडलेलं असतं. त्या वेळी शिफ्ट काढलीत की पगार वाढवायला अडवताय असा अर्थ लावला जातो.

वाडीतली मावशी: माझ्या भाच्याकडून एकाने रजिस्ट्रेशनचे म्हणून 3,000 रुपये घेतले आणि नंतर फोनच उचलेना. या लोकांना मेसेज कशाला करायचा म्हणते मी?

भरतीतला माणूस: मावशी, तो प्रकार वेगळा. कारखान्यासाठी माणूस शोधणारा कन्सल्टंट उमेदवाराकडून पैसे घेत नाही. भाच्याला सांगा, आधी पैसे मागितले की तिथेच थांबायचं.

सयाजीबागेचा फेरीवाला: एक मुद्दा राहिला. फी वर्षाच्या पगाराच्या टक्क्यांत असते, बहुतेकदा 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. तुमचा पगार वाढला की तिची फी वाढते. म्हणून तिला तुमचा खालचा आकडाही सांगून टाका, ती स्वतःहून वर ओढेल.

भरतीतला माणूस: फीचं बरोबर, पुढचं चुकतंय. समजा वर्षाला 8 लाख 40 हजारांवर बोलणं चाललंय. तिची फी झाली साधारण 70,000. तिने भांडून 9 लाख करून घेतले तर फी 75,000. त्या 5,000 साठी ती 70,000 चा सौदा मोडण्याची जोखीम का घेईल? उलट खालचा आकडा कळला की तिथेच पटकन मिटवण्याचा मोह तिला होतो. या मेसेजमध्ये पगाराचा विषयच काढू नका. फॉर्मवर जो आकडा दिलाय तोच राहू द्या.

राजमहाल रोड: फीचं गणित मान्य. पण माझ्या बहिणीचं ऐका. तिने कन्सल्टंटला फोनवर एवढंच विचारलं होतं, "बस कुठून सुटते? हालोल लांब पडेल का?" एचआरपर्यंत ते पोचलं "उमेदवार प्रवासाला तयार नाही" असं. जागा गेली. मधल्या माणसाच्या तोंडून आपलं वाक्य कसं पोचेल ते आपल्या हातात नसतं.

भरतीतला माणूस: असं होतं, नाकारत नाही. म्हणूनच फोनवर नाही, लिहून. आणि शंका "मला जमणार नाही" अशी न मांडता, ज्याचं उत्तर मिळेल अशा प्रश्नासारखी मांडायची. मकरपुऱ्याच्या इंजिनिअरांनी साधारण असं लिहावं:

"नमस्कार ताई. कालची मुलाखत प्लांट हेड आणि मेंटेनन्स मॅनेजर यांनी घेतली, सुमारे तासभर. प्रश्न बहुतेक ब्रेकडाउन आणि सुट्या भागांच्या नियोजनावर होते. काम आवडलं, मला ही जागा हवी आहे. बॉयलर आणि चिलरचं काम जाहिरातीत होतं, पण त्यावर विचारलं गेलं नाही. सध्याच्या ठिकाणी ते मीच सांभाळतो, कृपया त्यांना कळवा. एक खुलासा हवा आहे: आपलं जनरल शिफ्टचं बोलणं झालं होतं, काल तीन शिफ्टचा उल्लेख आला. पाळी कायम फिरती आहे की फक्त गरजेपुरती? रात्री प्लांटची बस असते का? त्यांचा अभिप्राय काय आला, आणखी फेरी आहे का आणि निर्णय कधीपर्यंत अपेक्षित आहे, तेवढं कळवावं. नोटीस 60 दिवसांची आहे."

यात बॉयलर-चिलरची ओळ सगळ्यात कामाची. आत काय विचारलं गेलं आणि काय राहिलं, हे कन्सल्टंटला फक्त तुमच्याकडूनच कळतं. एचआरने "माणूस बरा आहे, पण युटिलिटीत कच्चा वाटला" म्हटलं तर उत्तर तिच्याजवळ तयार असतं.

राजमहाल रोड: आणि तिने हा मेसेज जसाच्या तसा एचआरला पाठवला तर?

भरतीतला माणूस: पाठवेल असं धरूनच लिहायचं. वरच्या मजकुरात एचआरने वाचून बिघडेल असं काही नाही. दुसरीकडे बोलणी चालू असतील तर त्या कंपनीचं नाव मात्र घालू नका. मी असताना आम्ही त्याच कंपनीला लगेच दुसरा माणूस पाठवत असू.

सयाजीबागेचा फेरीवाला: मधला माणूस टाळून प्लांट हेडनाच लिहिलं तर?

भरतीतला माणूस: आभाराच्या दोन ओळी, तेही ताईंना सांगून. शिफ्ट किंवा पगार अजिबात नाही. कन्सल्टंटने पाठवलेला उमेदवार ठरावीक महिने तिच्याच नावावर धरला जातो, तसा करारच असतो. थेट बोलणी सुरू झाली की फीवरून वाद निघतो, आणि तो टाळायला काही एचआरवाले फाइलच बाजूला ठेवतात.

मकरपुऱ्याचा इंजिनिअर: सकाळी पाठवला, बॉयलरच्या ओळीसकट. ताईंचं उत्तर आलं: तीन शिफ्ट पहिले सहा महिने, नंतर जनरल, असं एचआर म्हणतंय, पण फक्त तोंडी. अभिप्राय चांगला आहे, अजून एक उमेदवार बाकी आहे, पुढच्या आठवड्यात कळेल.

राजमहाल रोड: तोंडी सहा महिन्यांना मी शून्य किंमत देतो. आज विचारून तुमच्या हाती काय आलं?

भरतीतला माणूस: ऑफर लेटरमध्ये काय मागायचं ते आजच कळलं, हे आलं. ताईंना लिहा की हीच अट लेटरमध्ये आली तर लगेच होकार. अर्थात एचआर ते लिहून देईल याची खात्री नाही. "कंपनीच्या गरजेनुसार शिफ्ट" ही ओळ बऱ्याच लेटरांत आधीपासूनच छापलेली असते. पुढच्या बुधवारपर्यंत काही आलं नाही तर एकदाच आठवण करा. गप्प बसलेत म्हणजे बहुधा तो दुसरा उमेदवार पुढे आहे आणि तुम्हाला राखीव ठेवलंय.

मकरपुऱ्याचा इंजिनिअर: लेटरमध्ये ती छापील ओळ आली तर सही करावी का, यावर घरातच दोन मतं आहेत. बायको नको म्हणते, बाबा म्हणतात सावलीला जा.