गोषवाऱ्यात 'ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडेल' हे लिहायचं की नाही?

काटापावती (सांगली, मार्केट यार्ड)
पुण्याच्या परिषदेला पाठवलेला माझा प्रस्ताव दुसऱ्यांदा परत आला. अभिप्राय एका ओळीचा: 'श्रोत्यांना काय मिळेल ते स्पष्ट नाही.' अहो, भाषण ऐकल्यावर कळेलच की! 'हे शिकाल, ते शिकाल' लिहायला माझा काय क्लास आहे का? माझा गोषवारा असा होता:

'आजच्या डिजिटल युगात डेटा अत्यंत महत्त्वाचा आहे. एसक्यूलाइट हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस आहे. या भाषणात आपण त्याचा इतिहास, रचना आणि वैशिष्ट्ये पाहू. त्यानंतर `WAL`, व्यवहार आणि विश्वासार्हता यांवर सविस्तर चर्चा करू. शेवटी माझा एक प्रत्यक्ष अनुभव सांगेन.'

अनुभव म्हणजे माझ्या वजनकाट्याच्या ॲपचा. हळदीचे सौदे चालू असताना लाईट गेली, पावती शेतकऱ्याच्या हातात आणि नोंद ॲपमधून गायब. हे आधीच लिहून रहस्य कशाला फोडू? सांगा, माझं काय चुकलं.

वाईची_ताई
दादा, हे वाचून गप्प बसवेना. तीन वर्षं मी प्रस्ताव वाचायचं काम करते. एका बैठकीत चाळीसेक वाचावे लागतात आणि पहिल्या दोन वाक्यांत पकड आली नाही, तर तिसरं वाक्य थकलेल्या डोळ्यांनीच वाचलं जातं.

तुमची पाच वाक्यं घेऊ. पहिल्यात 'डेटा'च्या जागी 'पाणी' घातलं तरी वाक्य उभं राहतं, म्हणजे ते तुमच्या भाषणाचं नाही. दुसरं एसक्यूलाइटच्या कुठल्याही भाषणाला चालेल. तिसरं आणि चौथं ही अनुक्रमणिका आहे. 'पाहू', 'चर्चा करू' ही तुमची कामं झाली, ऐकणारा उठून जाताना काय घेऊन जाईल ते त्यात कुठेच नाही. आणि सोनं आहे ते पाचव्या वाक्यात, तेही पुरून ठेवलेलं.

रहस्याचं म्हणाल, तर श्रोता तिकीट काढून सिनेमाला आलेला नसतो. त्याच वेळी शेजारच्या दालनात दुसरं भाषण चालू असतं आणि तो मोबाईलवर गोषवारा वाचून दारात उभा राहून ठरवतो. पावती हातात आणि नोंद गायब, एवढं पहिल्या वाक्यात आलं तर तो आत येईल. ते कसं घडलं हे ऐकायला तो बसेलच.

मी असं लिहिलं असतं:

'वजन झालं, पावती छापली, लाईट गेली. परत आली तेव्हा डेटाबेस शाबूत होता, पण शेवटची नोंद नव्हती. `WAL` मध्ये `synchronous=NORMAL` असताना हे का होतं, ते मंचावर घडवून दाखवणार आहे. भाषणानंतर तुम्ही आपल्या ॲपमधली ही सेटिंग तपासू शकाल, आणि कोणत्या नोंदीसाठी `FULL` ची किंमत मोजायची ते ठरवू शकाल. एसक्यूलाइट वापरलेलं असावं, आतली रचना माहीत नसली तरी चालेल.'

'समजेल', 'ओळख होईल' ही क्रियापदं टाळा. 'तपासू शकाल', 'ठरवू शकाल' हे भाषण झाल्यावर पडताळता येतं. तुम्हालाही येतं आणि श्रोत्यालाही.

प्राध्यापक_विश्रामबाग
मूलभूत गोंधळ होतो आहे. गोषवारा म्हणजे पार्श्वभूमी, पद्धत, निष्कर्ष आणि मर्यादा, तोही भूतकाळात. 'तुम्ही अमुक करू शकाल' अशी वाक्यं मी विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधांतून गेली कित्येक वर्षं लाल शाईनं खोडतो आहे.

वाईची_ताई
सर, तुम्ही निबंधाच्या गोषवाऱ्याबद्दल बोलताय. निबंध लिहून झालेला असतो आणि गोषवारा त्याचं सार असतो. इथे प्रस्ताव जातो तेव्हा भाषण तयारही नसतं. तो शब्द दिलेला असतो. पण तुमची एक गोष्ट इथेही लागू आहे. तुम्ही निष्कर्ष लपवू देत नाही, मीही तेच सांगतेय.

मिरज_जंक्शन
नियम सोपा आहे. नेहमी तीन मुद्दे द्या. क्रियापदानं सुरू करा. दोन दिले तर कमी वाटतात.

वाईची_ताई
क्रियापदाचं बरोबर. तीनचं नाही. पंचवीस मिनिटांच्या भाषणात ओळख आणि प्रश्न वजा जाता अठरा-एकोणीस मिनिटं हातात राहतात. तिसरा मुद्दा आकडा भरायला घातला की नेमका तोच वेळेअभावी गळतो, आणि श्रोत्याला तोच लक्षात राहतो.

कृष्णाकाठ
लक्षात राहतो म्हणजे काय, मला आजवर राहिलाय! रात्रीच्या गाडीनं पुणे गाठलं, पदरचे पैसे घालून. गोषवाऱ्यात लिहिलेलं, 'नवशिक्यांसाठी, स्वतःचा सर्व्हर उभा करता येईल.' वक्त्यानं वीस मिनिटं स्वतःच्या कंपनीचं सांगितलं. सर्व्हरचा 'स'सुद्धा नाही. आणि आपल्या सांगलीच्या माणसाला मात्र 'स्पष्ट नाही' म्हणून परत पाठवतात. गाव बघून ठरतं हो सगळं.

काटापावती
हेच म्हणतोय मी! दोनदा परत आलं, दोन्ही वेळा माझ्या नावापुढे सांगली होतं.

वाईची_ताई
नाही. मी ज्या समितीत आहे तिथे पहिल्या फेरीत नाव, गाव, कंपनी झाकलेलं असतं. समोर फक्त शीर्षक आणि गोषवारा येतो. सगळीकडे असंच असतं असं मी म्हणणार नाही, पण पुष्कळ परिषदा आता तसंच करतात.

कृष्णाकाठ
झाकून काय होतंय ताई? भाषेवरून कळतं की. पुण्या-बेंगळुरूच्या पोरांचं इंग्रजी आणि आमचं इंग्रजी सारखं आहे का?

वाईची_ताई
भाषेचं तुमचं खरं आहे, आणि ते मला आवडत नाही. गुळगुळीत इंग्रजीला आमच्यातले काही जण जास्त गुण देतात. त्यावर मी बैठकीत भांडले आहे. पण म्हणूनच छोटी, ठोस वाक्यं लिहा म्हणतेय. 'पावती छापली, लाईट गेली' हे मोडक्या इंग्रजीतही तितकंच जोरात पोचतं. 'आजच्या डिजिटल युगात' हे चांगल्या इंग्रजीतसुद्धा पोकळच राहतं.

मिरज_जंक्शन
मग झाकलेल्या फेरीत 'सांगली मार्केट यार्ड' लिहायचं की नाही? ओळख फुटली म्हणून बाद करतील.

वाईची_ताई
दुकानाचं नाव, स्वतःचं नाव, 'मी अमुक संस्थेत आहे' हे गोषवाऱ्यात नको, ते परिचयाच्या रकान्यात. 'हळदीच्या बाजारातला काटा' हे मात्र राहू द्या. त्यानं माणूस ओळखू येत नाही, प्रसंग दिसतो. भाषणाचे टप्पे आणि मिनिटांचा हिशेब फक्त समितीसाठी असलेल्या रकान्यात टाका, तो वेळापत्रकावर छापला जात नाही.

कुपवाडचा_कोडर
सगळं गोड चाललंय, पण मला हा 'काय मिळेल'चा आजारच पटत नाही. मी एका फसलेल्या स्थलांतरावर बोललो होतो. गोषवारा तीन वाक्यांचा: काय करायला गेलो, काय मोडलं, किती दिवस झोपलो नाही. मुद्दे शून्य. दालन भरलं होतं. प्रत्येक भाषणाचं 'करू शकाल' केलंत तर पाककृतीच उरतील. माणूस कसा चुकला हे ऐकायला लोक येतात.

आणि ताई, तुमच्या नमुन्यातच चूक आहे. 'मंचावर घडवून दाखवणार' म्हणे. कसं? दादा `kill -9` मारणार आणि नोंद तिथेच दिसणार. प्रोसेस मेली तरी लिहिलेलं ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत असतं, ते नंतर डिस्कवर जातं. `NORMAL` मध्ये प्रत्येक कमिटला `WAL` फाइल डिस्कवर पक्की केली जात नाही, म्हणून नोंद जाते ती खरी वीज तुटल्यावर. मंचावर काहीच घडलं नाही, तर तुमचा 'पडताळता येणारा' शब्द सगळ्यांदेखत खोटा पडेल.

वाईची_ताई
हे मला माहीत नव्हतं. 'घडवून दाखवणार' मी नीट न विचारता लिहिलं. मान्य.

काटापावती
मी घरी `kill -9` नंच बघत होतो! नोंद कधीच जाईना, म्हणून वाटलं प्रिंटरचा दोष. रास्पबेरी पायची वायरच उपटली तर?

कुपवाडचा_कोडर
उपटा. पण लगेच उपटा. थोडा वेळ गेला की सिस्टिम आपोआप लिहून टाकते आणि नोंद वाचते. दहा वेळा करून बघा, किती वेळा गेली ते मोजा, आणि त्याचा व्हिडिओ जवळ ठेवा. दुसरं, 'सेटिंग तपासू शकाल' लिहिलंय ना? लोक घरी जाऊन कमांड लाइनवर हे मारतील:

```
PRAGMA journal_mode;
PRAGMA synchronous;
```

पहिलं उत्तर खरं येईल, कारण `WAL` फाइलमध्येच नोंदलेलं राहतं. दुसरं येईल ते त्या कमांड लाइनच्या कनेक्शनचं. ॲपनं `NORMAL` म्हणजे 1 ठेवलेलं असलं तरी इथे बहुधा 2 दिसेल आणि माणूस निर्धास्त झोपेल. ॲपच्या कनेक्शनमधूनच विचारायला हवं.

वाईची_ताई
मग तुम्हीच बघा, शब्द दिल्यामुळे काय झालं ते. 'विश्वासार्हतेवर चर्चा करू' असं लिहिलेलं असतं, तर ही चूक तुम्हाला पकडता आली असती का?

कुपवाडचा_कोडर
नसती. तेवढं मान्य, आणि तेवढंच. फसलेल्या कामाच्या गोष्टीला मी अजूनही मुद्दे लावणार नाही.

वाईची_ताई
लावू नका. पण तुमच्या तीन वाक्यांतून ऐकणाऱ्याला आपलं स्थलांतर कुठे मोडू शकतं हे कळत होतंच. ते चौथ्या वाक्यात लिहिलं असतं, तर ज्याला त्याचा उपयोग नव्हता तो दुसऱ्या दालनात गेला असता.

कुपवाडचा_कोडर
गेला नाही याचाच मला आनंद आहे. इथे आपलं जमणार नाही.

प्राध्यापक_विश्रामबाग
मर्यादेचा मुद्दा मी सुरुवातीलाच मांडला होता, कुणी लक्ष दिलं नाही. `FULL` ठेवलं की नोंद कधीच जाणार नाही, असं हे गृहस्थ मंचावरून सांगणार आहेत का?

कुपवाडचा_कोडर
सर, हे मात्र नेमकं बोललात. काही स्वस्त एसडी कार्डं 'लिहिलं' म्हणून कळवतात आणि लिहिलेलं नसतं. `FULL` डिस्कला सांगतं, डिस्कनं ऐकायला हवं. गोषवाऱ्यात 'कधीच' हा शब्द येता कामा नये.

काटापावती
दुपारभर यार्डात बसून हे लिहिलं. राग होता, तो थोडा उतरलाय. गावावरून डावलतात की नाही, त्यावर माझं मत अजून बदललेलं नाही.

'हळदीच्या बाजारात वजन झालं, पावती छापली, लाईट गेली. परत आली तेव्हा डेटाबेस शाबूत होता, पण ती नोंद नव्हती. `WAL` मध्ये `synchronous=NORMAL` असताना हे का होतं, ते रास्पबेरी पायची वीज तोडून दाखवेन, आणि `kill -9` नं ते का दिसत नाही तेही. भाषणानंतर तुम्ही ॲपच्या स्वतःच्या कनेक्शनमधून ही सेटिंग तपासू शकाल, आणि कोणत्या नोंदीसाठी `FULL` वापरायचं ते ठरवू शकाल. एसक्यूलाइट वापरलेलं असावं.'

माझ्या काट्यावर मिनिटाला एखादी पावती निघते, `FULL` नं काही हळू झालं नाही. ते भाषणात सांगेन, इथे घातलं नाही.

वाईची_ताई
'आणि `kill -9` नं का दिसत नाही तेही' काढा. तो दुसऱ्या भाषणाचा विषय होतोय.

कुपवाडचा_कोडर
अजिबात काढू नका दादा. त्याच ओळीसाठी मी येईन.

काटापावती
ठेवतोय. आज रात्री पाठवतो. वायर उपटून सहा वेळा बघितलं, चार वेळा नोंद गेली.