मदत हवी आहे: वाघोलीत भाड्याचा फ्लॅट, पाणी बोअर आणि टँकरचं. टोकन देण्याआधी काय तपासू?

नवा_भाडेकरू
नमस्कार. वाघोलीत दोन बेडरूमचा फ्लॅट आवडलाय, भाडं २१ हजार, मेंटेनन्स मालक भरणार. घरात सत्तरीची आई आणि तीन वर्षांची मुलगी आहे, म्हणून पाण्याची धास्ती वाटते. मालक म्हणतात, "चोवीस तास पाणी आहे." वॉचमनकाकांकडून कळलं की महापालिकेची लाइन अजून बिल्डिंगमध्ये आलेली नाही. दोन बोअर आहेत, शिवाय टँकर येतो आणि सगळं एकाच खालच्या टाकीत पडतं. ४८ फ्लॅट आहेत. किचनच्या नळाचा टीडीएस मोजला, ५८० आला. शनिवारी टोकन मागितलंय. त्याआधी नेमकं काय विचारू आणि काय बघू?

पाषाणकर
५८० असेल तर नका घेऊ. ५०० च्या वरचं पाणी पिण्यालायक नसतं. आमच्याकडे टँकरचं ९० येतं, आम्ही थेट पितो.

जुना_सेक्रेटरी
पाषाणकर, थेट पिणं आधी थांबवा. तो मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतो, जंतू त्याला कळत नाहीत. ९० टीडीएसच्या पाण्यातही सांडपाणी मिसळलेलं असू शकतं. ५०० ही भारतीय मानकातली पसंतीची मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. ५८० मुळे गिझरमध्ये थर धरेल, चव जड लागेल, पण एवढ्यावरून घर नाकारू नये.

नवा_भाडेकरू, सोसायटीच्या ऑफिसात टँकरची वही असते, ती मागा आणि गेल्या वर्षीची एप्रिल-मेची पानं उघडा. आपल्याकडे खाली काळा कातळ. पावसाळ्यानंतर भरभरून चालणारी बोअर मार्चपासून दम टाकते, त्यामुळे आजचं पाणी बघून मेचा अंदाज येत नाही. माणशी १३५ लिटर धरा. ४८ घरं, घरात चार माणसं, म्हणजे दिवसाला जवळपास २६ हजार लिटर. टँकर साधारण १० हजारांचा असतो. मेमध्ये वहीत रोज अडीच-तीन टँकर दिसले तर बोअर आटते असं समजा. मग खालची टाकी किती लिटरची ते विचारा. ती ३० हजारांची असेल तर एक दिवस टँकर चुकला की नळ कोरडे.

गृहिणी_पुणे
कुठला आरओ घेताय? आमच्या मशीनची कँडल चार महिन्यांत जाते.

नवा_भाडेकरू
ताई, मशीन नंतर बघू. आधी घर घ्यावं की नाही ते ठरवायचंय.

उंड्रीवासी
आमचा अनुभव सांगतो. करारात "मेंटेनन्स मालकाकडे" एवढंच होतं. मेमध्ये सोसायटीने टँकरसाठी घरटी १८०० रुपये जादा लावले. मालक म्हणाले, पाणी तुम्ही वापरलं, तुम्हीच भरा. भांडून शेवटी निम्मे निम्मे केले. करारात पाण्याचं वेगळं वाक्य घालून घ्या.

नवा_भाडेकरू
आज जाऊन आलो. गेल्या मेमध्ये रोज दोन, कधी तीन टँकर आहेत. खालची टाकी ४० हजारांची. नळाला पाणी सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास, म्हणजे मालकांचे "चोवीस तास" खरे नाहीत. लॅबच्या सामानाच्या दुकानातून जंतू तपासायची बाटली आणली होती, त्यात किचनचं पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते काळं पडलं. आता काय?

जुना_सेक्रेटरी
काळं पडलं म्हणजे विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. ते पाणी उकळल्याशिवाय आईला आणि मुलीला देऊ नका. मात्र घाण कुठे शिरते ते शोधता येतं. टँकरच्या पाइपमधून, खालच्या टाकीतून आणि किचनच्या नळातून असे तीन नमुने घ्या. प्रत्येकात ग्रामपंचायतीत वापरतात तसे ओटीचे थेंब टाका. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. टँकरला पिवळं आणि नळाला रंगच नाही, तर क्लोरीन टाकीत संपतोय. बोअरचं पाणी बिनक्लोरीनचंच पडत असेल किंवा टाकीत गाळ असेल. टाकीचं झाकण नीट बसतं का आणि जवळून ड्रेनेजची लाइन जाते का, तेही बघा.

नवा_भाडेकरू
तुम्ही म्हणालात तसंच निघालं. टँकरचं फिकट पिवळं झालं, टाकीतल्याला आणि नळाला रंग आला नाही. टाकी शेवटची धुतली ती गेल्या दिवाळीत. चेअरमन रविवारी धुऊन घेतो म्हणाले. बोअरला क्लोरीनचा डोस देणारा पंप बसवणार का, याचं उत्तर मिळालं नाही. टोकन आठवडाभर पुढे ढकललंय. धुतल्यावर पुन्हा बाटली लावून पाहीन. जादा टँकरचा खर्च मालकाकडे असं करारात लिहायला मालक मात्र तयार नाहीत. दरमहा ठरावीक रक्कम कोणी ठरवून घेतली असेल तर किती धरलीत, सांगाल का?