मदत हवी आहे: बाबांच्या लघवीत कॅन्डिडा आलाय, त्रास काहीच नाही, पण ऑपरेशन तोंडावर

डिचोलीकर
बाबा ७४ वर्षांचे, डायबेटीस आहे, ग्लिमेपिराइड चालू. प्रोस्टेट वाढल्यामुळे महिन्यापूर्वी लघवी अडकली, तेव्हापासून नळी आहे. मधे ताप आला म्हणून सात दिवस अँटिबायोटिकची इंजेक्शनं झाली. परवा कल्चर केलं, त्यात कॅन्डिडा अल्बिकन्स, १ लाखाच्या वर, पस सेल्स १५-२०. ताप नाही, दुखत नाही, बाबा निवांत बसून माटोळीच्या सामानाची यादी करतायत. गावातले डॉक्टर म्हणतात फ्लुकोनाझोल २०० रोज एक, दोन आठवडे. फिजिशियन म्हणतात काही देऊ नका. चवथ झाली की दुर्बिणीने प्रोस्टेटचं ऑपरेशन. कुणाचं ऐकू?

मांद्र्याचा नाना
१ लाखाच्या वर म्हणजे इन्फेक्शन, एवढं साधं आहे. वर पस सेल्सही आहेत. गोळ्या सुरू करा, उगाच वेळ घालवू नका.

लॅबवाली, फोंडा
नाना, १ लाखाचा हिशेब बॅक्टेरियाचा. कॅन्डिडा हे यीस्ट, म्हणजे बुरशीचा प्रकार, त्याला तो लावता येत नाही, नळी असलेल्या माणसात तर नाहीच. यीस्ट नळीला आतून थर धरून चिकटून राहतं, मूत्राशयाला काही झालेलं नसलं तरी आकडा भरपूर येतो. आणि पस सेल्स नळीच्या घासण्यानेही येतात. नळी, डायबेटीस आणि वर अँटिबायोटिक, म्हणजे यीस्टला बसायला पाटच मांडलाय.
डिचोलीकर, सॅम्पल कुठून घेतलं?

डिचोलीकर
पिशवीच्या खालच्या तोटीतून. लॅबच्या मुलाने डबी दिली, मीच भरली.

लॅबवाली, फोंडा
मग तो रिपोर्ट बाजूला ठेवा. पिशवीत लघवी तासन्‌तास साचते, तिथे यीस्ट आरामात वाढतं. नळी बदलून घ्या आणि नव्या नळीतून, पिशवीतून नव्हे, ताजं सॅम्पल द्या. नळी काढता आली तर उत्तमच, बऱ्याच जणांची लघवी तेवढ्यानेच साफ होते. तुमच्याकडे ते जमणार नाही, कारण लघवी पुन्हा अडकेल.
त्रास नसताना गोळ्या का नकोत, तर २००० साली एक मोठी तुलना छापून आली होती. फ्लुकोनाझोल २०० रोज, १४ दिवस, विरुद्ध नुसती खोटी गोळी. औषध संपताना औषधवाल्यांची लघवी जास्त जणांत साफ होती, पण आणखी दोन आठवड्यांनी दोन्ही गटांत फारसा फरक उरला नव्हता. नळी तीच राहिली की यीस्ट परत येतं.

म्हापशाची माई
माझ्याही लघवीत यीस्ट आलं होतं! डायबेटीससाठी डापाग्लिफ्लोझिन सुरू केल्यावर खाली इतकी खाज की झोप नाही. दही, ताक सगळं करून झालं.

लॅबवाली, फोंडा
माई, तुमचा प्रश्न वेगळा. त्या गोळीने लघवीतून साखर जाते, म्हणून बाहेरच्या भागाला बुरशी धरते, आणि सॅम्पल घेताना तीच डबीत उतरली असणार. डॉक्टरांना खाजेचं सांगा, लघवीचा रिपोर्ट नुसता दाखवू नका.

डिचोलीकर
नळी बदलून आठवडा झाला. नव्या नळीतून सॅम्पल दिलं, तरी कॅन्डिडा आहेच. आता?

लॅबवाली, फोंडा
ताप, थंडी, बरगडीखाली पाठीत दुखणं, ओटीपोटात आग, लघवीत पांढरे गोळे किंवा नळी तुंबणं, यातलं काही दिसलं तर लगेच डॉक्टरकडे. नसेल तर एरवी थांबा म्हटलं असतं. पण तुमच्याकडे ऑपरेशन आहे, आणि तिथे उत्तर बदलतं. दुर्बिणीने प्रोस्टेट खरवडताना रक्तवाहिन्या उघड्या पडतात, यीस्ट रक्तात शिरू शकतं. म्हणून त्रास नसला तरी ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही दिवस औषध देतात, सहसा फ्लुकोनाझोल ४०० रोज. तसंच केमोथेरपीत पांढऱ्या पेशी फार घसरलेल्यांना आणि अगदी कमी वजनाच्या बाळांनाही त्रास दिसण्याची वाट न बघता देतात.
म्हणजे गावातल्या डॉक्टरांचं औषध बरोबर, वेळ चुकली. तुमचा अल्बिकन्स आहे हेही बरं, त्यावर फ्लुकोनाझोल सहसा चालतं आणि लघवीत भरपूर उतरतं. ग्लाब्राटा जातीचा कॅन्डिडा असता तर अवघड झालं असतं.
एक मात्र नीट ऐका: फ्लुकोनाझोलने ग्लिमेपिराइड अंगात जास्त वेळ टिकतं, साखर एकदम खाली येऊ शकते. त्या दिवसांत घरी साखर तपासत राहा आणि डोस कमी करायचा का, हे फिजिशियनना आधीच विचारा. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर तेही सांगा.

डिचोलीकर
वॉरफरिन नाही. काल सर्जनना विचारलं, ते म्हणाले दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर, बास. फिजिशियनना हे कमी वाटतं.

लॅबवाली, फोंडा
'काही दिवस' म्हणजे नेमके किती, यावर डॉक्टरांत एकमत नाही. दोघांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा, निरोप्या तुम्ही होऊ नका.

मांद्र्याचा नाना
म्हणजे शेवटी गोळ्या द्यायच्याच. मग मी काय वेगळं म्हणत होतो?

डिचोलीकर
नाना, तुमच्या सल्ल्याने तेव्हाच सुरू केल्या असत्या तर ऐन चवथीत बाबांची साखर उतरायची भीती होती. फिजिशियनची वेळ शुक्रवारची मिळालीय, सर्जनचा नंबर सोबत नेतो.