मदत हवी आहे : जोडीच्या टॅरो मांडणीत फोर ऑफ स्वॉर्ड्स, विराम की ताटातूट?

मालवणची_सागरिका : नमस्कार. माझा साखरपुडा झाला आहे आणि होणाऱ्या नवऱ्याची देवगडला हापूसची बाग आहे. हंगाम आटोपल्यावर त्याने "काही दिवस मला शांत राहू दे" असे सांगितले आणि तेव्हापासून आमचे बोलणे फार कमी झाले आहे. रायडर-वेट संचातून मी पाच कार्डे मांडली. माझ्या जागी क्वीन ऑफ कप्स, त्याच्या जागी फोर ऑफ स्वॉर्ड्स, दोघांच्या मधल्या जागी टू ऑफ कप्स, अडसर म्हणून टेन ऑफ वाँड्स आणि पुढची दिशा म्हणून सिक्स ऑफ स्वॉर्ड्स अशी ती आली, सगळी सुलट. थडग्यावरचा तो योद्धा पाहून माझा धीर खचला आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खाडीकाठ : मन घट्ट करा. या संचाचा कर्ता वेट याने स्वतः फोर ऑफ स्वॉर्ड्सच्या अर्थांत थडगे आणि शवपेटी हे शब्द दिले आहेत. याला मी ताटातूटच म्हणेन.

रत्नागिरीकर_काका : ते शब्द तिथे आहेत हे खरे, परंतु त्यांच्या आधी जागरूकता, माघार, एकांत आणि संन्याशाची विश्रांतीही आहे. चित्र नीट पाहा. योद्ध्याचे हात प्रार्थनेसाठी जोडलेले आहेत, तीन तलवारी भिंतीवर टांगलेल्या आहेत, चौथी त्याच्या खाली आडवी ठेवली आहे आणि एकही त्याच्या अंगात रुतलेली नाही. थ्री ऑफ स्वॉर्ड्समध्ये त्याच तलवारी काळजाच्या आरपार गेलेल्या असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे कार्ड त्याच्या जागी आले आहे, त्यामुळे ते त्याची अवस्था सांगते. नात्याच्या जागी जोडप्याच्या परस्पर ओढीचे टू ऑफ कप्स आहे. अडसराच्या जागी ओझ्याने वाकलेला माणूस आल्याने तो कशाने थकला आहे, हेही तिथेच दिसते. मधल्या जागी हेच कार्ड येऊन शेजारी पाठ फिरवून निघालेल्या माणसाचे एट ऑफ कप्स असते, तर मीही खाडीकाठ यांच्याशी सहमत झालो असतो. मात्र हा विराम किती दिवसांचा, हे कार्डावरून कळत नाही. ते त्यालाच विचारावे लागेल.

गुहागरची_लेक : माझ्याकडे हेच कार्ड उलटे आले होते आणि त्यानंतर आमचे बोलणे पुन्हा सुरू झाले. सागरिकाताई, लग्नाचा मुहूर्त कधीचा निघतो तेही पाहून घ्या.

मालवणची_सागरिका : मुहूर्ताचा प्रश्न आत्ता नाही, ताई. काका, जागेचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. पण सिक्स ऑफ स्वॉर्ड्समधली होडी किनारा सोडून चालली आहे, तिचे काय?

रत्नागिरीकर_काका : होडीत नावाड्यासह तिघे आहेत, म्हणून मी ती दोघांची वाटचाल मानतो.

खाडीकाठ : नावाडी सोडल्यास होडीत बाई आणि मूल आहे, जोडीदार कुठेच नाही. टू ऑफ कप्सचे म्हणणे मला पटले, या कार्डाचे नाही.

मालवणची_सागरिका : दोन्ही बाजू टिपून ठेवल्या आहेत. त्याला अजून किती दिवस हवेत, एवढेच आज विचारते आणि काय म्हणतो ते इथे कळवते.